अक्षरं उलटसुलट, पण गट माहीत: लहान मुलांसाठी शब्द जुळवण्याचा खेळ कसा घ्यावा

पहिली ते तिसरीच्या मुलांना विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द ओळखायला लावणं हा खेळ बहुतेक नव्या शिक्षकांनी, बालवाडीच्या ताईंनी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांनी कधी ना कधी करून पाहिलेला असतो. फळ्यावर ‘ळ ना र’ लिहायचं, पोरं ‘नारळ’ म्हणतात, टाळ्या होतात. पण तिसऱ्या-चौथ्या शब्दापाशी गाडी अडते. दोन हुशार पोरं ओरडत राहतात आणि बाकीची पट्टीनं बाक वाजवत बसतात. अडचण मुलांत नसते. शब्द कसा निवडला, कुठे तोडला आणि अक्षरं दाखवण्याआधी काय सांगितलं, यावर सगळं ठरतं. हा लेख त्याबद्दल आहे. उदाहरणं आपल्या भागातली, विदर्भातल्या गावच्या पोरांच्या तोंडातली घेतली आहेत.

गट सांगितल्यावर नेमकं काय होतं

तीन वेगवेगळी अक्षरं सहा प्रकारे मांडता येतात. चार असली तर चोवीस आणि पाच असली तर एकशे वीस. सहा-सात वर्षांचं पोर या मांडण्या एकामागून एक करून पाहत नाही, आणि त्यानं तसं करावं अशी आपली अपेक्षाही नसावी. त्याला ‘फळ आहे’ असं सांगितलं की ते उलट्या बाजूनं शोधायला लागतं. डोक्यातली फळं एकेक काढायची आणि समोरच्या अक्षरांशी ताडून पाहायची. चोवीस मांडण्या तपासण्यापेक्षा दहा-बारा फळं आठवणं त्याला फार सोपं जातं. म्हणून गट ही शेवटी द्यायची मदत नाही. तो अक्षरं दाखवायच्या आधीच सांगायचा.

गटाचं दुसरं काम म्हणजे दोन उत्तरांतून एक निवडणं. ‘म’ आणि ‘का’ ही दोन कार्डं ठेवा. कोणी ‘काम’ म्हणेल, कोणी ‘मका’. दोघंही बरोबर. ‘वावरातलं पीक’ म्हटलं की मकाच. ‘न’ आणि ‘का’ यांतून ‘नका’ही होतं आणि ‘कान’ही; ‘शरीराचा भाग’ म्हटलं की एकच उरतं. ‘ज, व, स’ यातून ‘जवस’ निघतं, तसंच ‘सजव’ही निघतं. असे शब्द टाळू नका, उलट मुद्दाम दोन-तीन घ्या. आधी गट न सांगता विचारा, दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहा आणि मग गट सांगा. गट कशाला लागतो हे पोरांना कुठल्याही समजावणीपेक्षा यातून लवकर कळतं.

पहिली पायरी: गट लहान करा आणि यादी मुलांकडून घ्या

‘प्राणी’ हा गट ऐकायला सोपा आणि खेळायला अवघड. त्यात गाय येते, वाघ येतो, मुंगी येते, मासा येतो, कोणी चिमणीही सांगतं. एवढ्या मोठ्या ढिगातून शोधायचं तर गटाचा उपयोग काय राहिला? त्यापेक्षा ‘गोठ्यातली जनावरं’, ‘जंगलातले चार पायांचे प्राणी’, ‘वावरात दिसणारे पक्षी’ असे छोटे गट करा. ताडोबा किंवा मेळघाटच्या आसपासच्या गावांत जंगलातल्या प्राण्यांची यादी पोरं एका दमात सांगतात, कारण रोही आणि रानडुक्कर रात्री पिकात शिरलेले त्यांच्या घरच्या बोलण्यात रोजच असतात. शहरातल्या छापील सरावपुस्तिकेत झेब्रा, जिराफ, पेंग्विन असतात. ती चित्रं पोरांना ओळखता येतात, पण आपणहून आठवत नाहीत. या खेळात आठवणंच महत्त्वाचं आहे.

म्हणून कार्ड काढायच्या आधी पाच मिनिटं फक्त यादी करा. ‘सांगा रे, कोणकोणती फळं खाल्ली?’ जे येईल ते फळ्यावर लिहा. आंबा, बोर, जांभूळ, सीताफळ, टरबूज, संत्रा, डाळिंब, पपई, कवठ, आवळा. भंडारा-गोंदियाकडे तळ्यातला शिंगाडा नक्की येतो, जंगलाकडच्या गावात चारोळी आणि टेंभरं येतात. पेरूला काही गावांत जांब म्हणतात. मूल जांब म्हणत असेल तर यादीत जांबच लिहा आणि शेजारी पेरू लिहा. कलिंगडाचंही तसंच. आपल्याकडच्या पोराला ‘क लिं ग ड’ ही अक्षरं दिली तर ते टरबूज शोधत बसेल आणि अक्षरं जुळेनात म्हणून वैतागेल. उत्तर मुलाच्या तोंडात आधीपासून नसेल तर ते त्याला सापडणार नाही.

एक वाद हमखास होतो: टमाटर फळ की भाजी? काकडीचं काय? यात फार वेळ घालवू नका. ‘आज फळ्यावर आहे तीच आपली यादी’ असं म्हणा आणि पुढे चला. यादी दहा ते बाराच्या आसपास थांबवा. ती फळ्यावर राहू द्यायची की पुसायची हे वर्गावर ठरवा. पहिलीसाठी राहू द्या, तिसरीसाठी पुसा.

मेळघाटात घरी कोरकू बोलणारी आणि गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलं असतात. त्यांच्या डोक्यातली यादी घरच्या भाषेत असते. तिथे यादी करताना चित्र किंवा खरी वस्तू दाखवून मराठी नाव दोन-तीनदा म्हणून घ्या आणि त्याच दिवशी फार पुढे जाऊ नका. नाहीतर मुलाला फळ माहीत असतं, अक्षरंही वाचता येतात, तरी शब्द सापडत नाही, आणि आपण उगाच त्याला ‘वाचन कच्चं’ ठरवून मोकळे होतो.

दुसरी पायरी: शब्द अक्षरानुसार तोडा, मात्रा वेगळी काढू नका

मला या खेळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. इंग्रजीत शब्द एकेका वर्णात तुटतो आणि तिथली सरावपुस्तकं तशीच बनतात. तीच रीत मराठीला लावून कोणी ‘वानर’ हा शब्द ‘व, ा, न, र’ असा तोडतं. मोबाईलवर किंवा संगणकावर सुटी मात्रा टाइप केली की तिच्या शेजारी ठिपक्यांचं एक गोल उमटतं, आणि पोरं त्या गोलालाच अक्षर समजतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे मात्रा कुठल्या अक्षराची हे हरवतं. ‘व, न, र’ आणि एक सुटा काना यातून ‘वानर’ होतं, तसंच ‘नवरा’ही होतं. ‘ग, व, र’ आणि काना यातून ‘गवार’ही होते आणि ‘वगार’ही. एक भाजी, दुसरी म्हशीची पाडी. गट सांगितला तर हाही गुंता सुटतो, पण लहान मुलाला शब्द जुळवण्याबरोबर मात्रा वाटण्याचं कामही कशाला द्यायचं? तो चौथी-पाचवीचा खेळ आहे.

तेव्हा एका कार्डावर एक पूर्ण अक्षर: काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं त्याच्यासकट. सां-ब-र, जां-भू-ळ, मुं-गू-स. जोडाक्षर कधी फोडायचं नाही. अस्वल म्हणजे अ-स्व-ल, बिबट्या म्हणजे बि-ब-ट्या, रानडुक्कर म्हणजे रा-न-डु-क्क-र. शंका आली तर शब्द सावकाश लिहून पाहा. शिरोरेषेखाली जे एक घर बसतं तेवढं एक कार्ड.

कार्डं बनवायला खर्च नाही. लग्नसराईत प्रत्येक घरात पत्रिका साठतात. त्यांचा जाड कागद कापा आणि कोऱ्या बाजूला काळ्या स्केचपेननं अक्षर काढा. शिरोरेषा कार्डाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पूर्ण ओढा. मग तीन कार्डं शेजारी सरकवली की रेघा जुळून सलग शब्द दिसतो. उलटं धरलेलं कार्डही लगेच कळतं, कारण रेघ खाली जाते. एका शब्दाची कार्डं पत्रिकेच्याच पाकिटात ठेवा आणि पाकिटावर फक्त गट लिहा. कार्डं मिसळू नयेत म्हणून प्रत्येक शब्दाला मागे वेगळ्या रंगाचा ठिपका द्या. मागे १, २, ३ असे क्रम मात्र घालू नका. पोरं पहिल्याच दिवशी कार्ड उलटून पाहतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तिसरी पायरी: किती अक्षरांचे शब्द, आणि विस्कटायचे कसे

दोन अक्षरांच्या शब्दाला विस्कटण्याची एकच तऱ्हा असते, म्हणून मका आणि काम यांसारखी जोडी सोडली तर त्यात खेळ उरत नाही. संत्रा विदर्भाचा मान, पण इथे तो दोनच कार्डांचा. सुरुवात तीन अक्षरांनी करा.

‘मगर’ घेऊन पाहू. मूळ शब्द सोडून त्याच्या पाच मांडण्या होतात. ‘मरग’मध्ये पहिलं अक्षर जागेवरच आहे. ‘गमर’मध्ये शेवटचं जागेवर आहे. ‘रगम’मध्ये मधलं जागेवर आणि दोन टोकं उलटलेली. ‘रमग’ आणि ‘गरम’मध्ये तिन्ही हललेली. पहिलं अक्षर जागेवर असलेली मांडणी सगळ्यात सोपी, कारण मूल ‘म’ वाचतं आणि यादीतला ‘म’चा प्राणी शोधतं. पहिल्या दिवशी तीच द्या. नंतर शेवटचं अक्षर जागेवर असलेली द्या, आणि तिन्ही हललेली सर्वांत शेवटी. ‘गरम’ मात्र कोडं म्हणून देऊ नका. तो आधीच पूर्ण शब्द आहे, त्यामुळे मूल तो वाचतं आणि तिथेच थांबतं. पुढे शोधावं असं त्याला वाटतच नाही. म्हणून प्रत्येक विस्कटलेली मांडणी एकदा मोठ्यानं वाचून पाहायची: तिचाच काही अर्थ होतोय का?

चार अक्षरांकडे जाताना ओळखीचे तुकडे असलेले शब्द आधी घ्या. ‘सीताफळ’ आणि ‘रामफळ’ दोन्हींत शेवटी ‘फळ’ आहे. ‘ता, फ, सी, ळ’ दिल्यावर मुलानं ‘फ’ आणि ‘ळ’ एकत्र करून शेवटी ठेवले, की चोवीस मांडण्यांतल्या दोनच उरतात: सीताफळ किंवा तासीफळ. ‘अननस’मध्ये ‘न’ दोनदा येतो, त्यामुळे वेगळ्या दिसणाऱ्या मांडण्या चोवीस नसून बाराच. तरीही हा शब्द मुलांना जड जातो, कारण दोन सारखी कार्डं बघून त्यांना वाटतं की सरांनी एक चुकून जास्त दिलं. ‘न दोनदा आहे, दोन्ही लावायचे’ हे आधी सांगून टाका. पपईचंही तेच.

पाच अक्षरांचे शब्द तिसरीपर्यंत नकोतच. अपवाद फक्त गट पूर्ण बंद असेल तेव्हा, म्हणजे यादीत किती नावं आहेत हे नक्की ठाऊक असेल तेव्हा. विदर्भाचे ११ जिल्हे हा तसा गट. त्यात पाच अक्षरांचे फक्त अमरावती, यवतमाळ आणि गडचिरोली. कार्डं मोजली की तीनच नावं उरतात, आणि ‘ळ’ दिसला की यवतमाळच. नकाशा भिंतीवर असलेल्या वर्गात हे दुसरीच्या पोरांनाही जमतं.

चौथी पायरी: एक शब्द शेवटपर्यंत सोडवून पाहू

गट फळांचा, यादी फळ्यावर, आणि समोर तीन कार्डं: ब, ळिं, डा. दुसरीतली एक पोरगी कार्डांकडे न बघताच म्हणते, ‘जांभूळ!’ हे फार होतं. गट ऐकला की आवडतं फळ तोंडातून निघतं. तिला चूक म्हणू नका, फक्त विचारा, ‘जांभूळला कोणतं अक्षर लागतं? दाखव बरं इथे.’ ती ‘जां’ शोधते, सापडत नाही. ‘नाही जी.’ ठीक. गटामुळे ती फळाजवळ पोहोचली, आता अक्षरांकडे वळवायची.

पहिला प्रश्न: यातलं कोणतं कार्ड सुरुवातीला येऊच शकत नाही? मराठी शब्द ‘ळ’ किंवा ‘ण’नं सुरू होत नाही. हे नियम म्हणून शिकवू नका. मुलांनाच विचारा, ‘ळ वरून सुरू होणारा एखादा शब्द सांगा.’ थोडा वेळ गोंधळ होतो आणि मग त्यांचीच खात्री पटते. म्हणजे ‘ळिं’ पहिलं नाही.

दुसरा प्रश्न: कोणतं कार्ड शेवटी येऊ शकत नाही? मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहितात. पहिली वेलांटी किंवा पहिला उकार असलेलं अक्षर टोकाला बसत नाही. ‘आणि’सारखे मोजके शब्द सोडले तर. ‘ळिं’ला पहिली वेलांटी आहे, म्हणजे ते शेवटीही नाही. मग उरली मधली जागा. ‘ळिं’ मध्ये ठेवलं की दोनच मांडण्या राहतात: ‘बळिंडा’ आणि ‘डाळिंब’. पोरगी ‘बळिंडा’ वाचून हसते आणि कार्डं उलटते. ‘हे तं डाळिंब हाये!’

वेलांटीची खूण तिसरीत चालते. पहिली-दुसरीत ती समजावत बसू नका, तुम्हाला मदत कुठून द्यायची हे कळावं म्हणून ती तुमच्याजवळ असू द्या. ‘ळ’ आणि ‘ण’ची खूण मात्र सगळ्यांना पेलते आणि ती खूप ठिकाणी उपयोगी पडते: चितळ, नारळ, फणस, हरण, जांभूळ. चिमणीच्या बाबतीत तर दोन्ही खुणा लागू होतात. ‘णी’ पहिलं नाही, ‘चि’ शेवटचं नाही, म्हणजे सहापैकी तीन मांडण्या उरतात. तिसरी खूण स्वरांची. अ, आ किंवा उं असं सुटं कार्ड दिसलं तर ते बहुधा पहिलंच असतं: अस्वल, आवळा, उंदीर. ‘ई’ला हे लागू नाही, पपईत ती शेवटी येते.

शब्द सापडल्यावर तीन गोष्टी तपासायच्या, आणि त्या मुलानंच तपासायच्या. सगळी कार्डं लागली का? एखादं कार्ड दोनदा धरलं का? आणि हे खरंच या गटातलं आहे का? ‘ग, म, र’मधून कोणी ‘गरम’ केलं तर पहिल्या दोन परीक्षांत ते पास होतं, तिसरीत नापास. ‘गरम नावाचा प्राणी पाहिला का रे कोणी?’ एवढा प्रश्न पुरतो.

बरोबर लावलं, तरी ओळखू येत नाही

नव्या माणसाला हे पहिल्यांदा बघून कोडं पडतं. मूल कार्डं अचूक लावतं, बोट ठेवून वाचतं, ‘म… ग… र…’ आणि गप्प बसतं. शब्द समोर पूर्ण आहे आणि त्याला दिसत नाही.

कारण सोपं आहे. कार्ड सुटं वाचताना प्रत्येक अक्षरातला ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो. बोलताना आपण ‘मगर’ असं म्हणतो तेव्हा शेवटचा ‘र’ अर्धवटच असतो, शब्द ‘म-गर्’ असा ऐकू येतो. ‘टरबूज’ हा कार्डांवर चार घरांचा, पण कानाला ‘टर-बूज’ असा दोन ठोक्यांचा. अक्षरं बरोबर, क्रम बरोबर, पण मुलाच्या कानात असलेला आवाज त्यातून निघत नाही.

यावर उपाय म्हणजे बोट न थांबवता सरकवत वाचणं. आधी तुम्ही बोट सरकवून भरभर म्हणा, मग मुलाला म्हणू द्या, दुसऱ्यांदा आणखी भरभर. तरी अडलं तर फळ्यावरच्या यादीकडे न्या: ‘यातलं कोणतं असंच ऐकू येतं?’ इथेही गटच कामाला येतो. टरबूज, सीताफळ, माकड, गाढव असे शेवटी ‘अ’ गळणारे शब्द या कारणानं जरा कठीण. आवळा, शिंगाडा, मोसंबी, बकरी यांत शेवटचं अक्षर पूर्ण ऐकू येतं, म्हणून अगदी पहिल्या दिवसासाठी असे शब्द काढून ठेवा.

मदत कोणत्या क्रमानं द्यायची

अडलेल्या मुलाला बहुतेक जण लगेच पहिलं अक्षर सांगून टाकतात. तीन अक्षरी शब्दात पहिलं अक्षर दिलं की दोनच मांडण्या उरतात आणि शोध तिथेच संपतो. त्याआधी गट अजून लहान करून पाहा. ‘जंगलातला प्राणी’ वरून ‘शिंगं असलेला’, मग ‘अंगावर पांढरे ठिपके असलेला’. ‘त, ळ, चि’ समोर ठेवून एवढं म्हटलं की चितळ आपोआप येतो. ते पुरलं नाही तर एक कार्ड जागेवर ठेवून द्या, शक्यतो शेवटचं. पहिलं अक्षर अगदी नाइलाज झाला तरच.

आणि उलटही बघा. मूल फक्त वर्णनावरून उत्तर देतंय आणि अक्षरांकडे ढुंकूनही बघत नाही असं वाटलं, तर त्याच गटातल्या दोन शब्दांची पाकिटं एकत्र द्या. फणस आणि कवठ यांची सहा कार्डं मिसळून ठेवा. आता अक्षरं वापरल्याशिवाय गत्यंतर नाही. हा खेळ जोडीनं छान होतो, कारण एकानं ‘फणस’ उचलला की उरलेल्या तिघांतून ‘कवठ’ दुसऱ्याला मिळतो.

एकाच गटात दोन उत्तरं निघाली तर

फळं, पिकं, प्राणी यांत असं क्वचितच होतं. नावांच्या गटात होतं. ‘मुलींची नावं’ म्हणून ‘धा’ आणि ‘रा’ दिली तर राधाही बरोबर आणि धाराही. वर्गात त्या नावाची मुलगी असेल तर मग भांडणच. अशा वेळी दोन्ही उत्तरं मान्य करायची आणि दोन्ही फळ्यावर लिहायची. तुमच्या मनात जे होतं तेच बरोबर असा हट्ट धरू नका. मूल नियमानंच खेळलं आहे.

पाकिटं तयार करतानाच हे तपासून घेता येतं. प्रत्येक शब्दाची अक्षरं एका कागदावर वर्णमालेच्या क्रमानं लिहा. मगरचं ‘ग म र’, कवठचं ‘क ठ व’. दोन शब्दांसमोर तंतोतंत तीच अक्षरं आली तर त्यांतला एक बाजूला काढा किंवा तो वेगळ्या गटात टाका. दहा-बारा शब्दांच्या यादीला याला चहा संपेपर्यंतचा वेळ लागतो.

एका बैठकीत किती

पंधरा-वीस मिनिटांत चार ते सहा शब्द भरपूर होतात, त्यात पहिली पाच मिनिटं यादीची धरा. दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तिथे सगळ्यांना गट एकच द्या, पाकिटं मात्र वेगळी. पहिलीला ‘आवळा’, दुसरीला ‘जांभूळ’, तिसरीला ‘सीताफळ’. यादी सगळ्यांनी मिळून केलेली असते, त्यामुळे मोठी पोरं लहानांना मदत करतात आणि तुम्हाला एका कोपऱ्यात बसून ऐकता येतं.

कार्डं जुळली की शब्द वहीत एकदा लिहून घ्या, न बघता. कार्डांवर ‘भू’ दीर्घ होता आणि वहीत ‘जांभुळ’ आलं, तर पुढच्या वेळी तेच पाकीट पुन्हा त्या मुलाच्या हातात द्या.